ईस्टरपासून मागे मोजत राखेचा बुधवार आणि पवित्र आठवडा कसा काढायचा

नाशिकच्या घराघरांत भिंतीवर जे कॅलेंडर असतं, त्यात गुड फ्रायडे लाल रंगात सापडतो, कारण त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. ईस्टरही त्याच्या पुढच्या रविवारी बारीक अक्षरांत दिसतो. राखेचा बुधवार मात्र अनेक कॅलेंडरांत छापलेलाच नसतो. त्यामुळे दर वर्षी जानेवारी उजाडला की चर्चच्या आवारात तोच प्रश्न फिरतो: यंदा उपवासकाळ कधी लागतो? ज्यांच्या घरी त्या महिन्यात लग्न ठरतंय, ज्यांच्या मुलांची दहावी-बारावी आहे, ज्यांना क्रुसाच्या वाटेच्या शुक्रवारांची वाटणी करायची आहे, त्यांना उत्तर आधीच हवं असतं. चर्चची पत्रिका येण्याची वाट बघायला त्यांना वेळ नसतो.

उत्तर त्या कॅलेंडरातच असतं. ईस्टरची तारीख मिळाली की बाकीचे सगळे दिवस तिला बांधलेले असतात. ते पुढे-मागे सरकतात, पण सगळे मिळून सरकतात, त्यांच्यातलं अंतर कधीच बदलत नाही. राखेचा बुधवार ईस्टरच्या ४६ दिवस आधी, झावळ्यांचा रविवार ७ दिवस आधी, पवित्र गुरुवार ३ दिवस आधी आणि गुड फ्रायडे २ दिवस आधी येतो. या चार आकड्यांत सगळं गणित आलं. चुका होतात त्या मोजण्याच्या पद्धतीत.

दिवस मोजू नका, रविवार मोजा

४६ दिवस बोटांवर मोजत गेलं की फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर हमखास एखादा दिवस हरवतो. म्हणून मी सगळ्यांना रविवारांची पद्धत सांगतो. उपवासकाळात सहा रविवार येतात आणि सहावा म्हणजे झावळ्यांचा रविवार. तेव्हा ईस्टरच्या रविवारावर बोट ठेवायचं, पण तो मोजायचा नाही. तिथून रविवारच्या ओळीत एकेक मागे सरकत सहा रविवार मोजायचे. सहाव्या मोजणीला बोट जिथे थांबेल तो उपवासकाळाचा पहिला रविवार. त्याच्या लगेच आधीचा बुधवार, म्हणजे रविवारापासून चार दिवस मागे, हा राखेचा बुधवार. सहा आठवड्यांचे ४२ आणि वरचे ४, असे ४६ भरतात.

२०२७ सालावर हे करून बघू. त्या वर्षी ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे बराच लवकर. २८ मार्चवर बोट ठेवा आणि मागे या: २१ मार्च हा पहिला, १४ मार्च दुसरा, ७ मार्च तिसरा, २८ फेब्रुवारी चौथा, २१ फेब्रुवारी पाचवा, १४ फेब्रुवारी सहावा. १४ फेब्रुवारी हा उपवासकाळाचा पहिला रविवार ठरला. त्याच्या आधीचा बुधवार १० फेब्रुवारी, आणि तोच राखेचा बुधवार.

एवढ्यावरून घराची आणि चर्चची किती कामं ठरतात बघा. राखेसाठी मागच्या वर्षीच्या आशीर्वादित झावळ्या जाळतात. त्या झावळ्या आपल्या देव्हाऱ्यामागे किंवा क्रुसापाशी खोचलेल्या असतात. २०२७ साठी त्या ७ फेब्रुवारीच्या रविवारपर्यंत चर्चमध्ये आणून द्यायला हव्यात, कारण त्यानंतर बुधवारआधी दुसरा रविवारच नाही. नाताळाचं सामान माळ्यावर चढवून जेमतेम महिना झालेला असेल तोवर ही वेळ येईल. नाशिकरोडच्या बाळ येशूची यात्रा साधारण फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी भरते. २०२७ मध्ये ते दिवस १३ आणि १४ फेब्रुवारी येतात, म्हणजे राख कपाळाला लावून तीनच दिवस झाले असतील. बाहेरगावचे नातलग यात्रेला येणार असतील तर तारीख देवस्थानाकडून पक्की करून घ्या आणि मगच रेल्वेचं आरक्षण करा.

क्रुसाच्या वाटेचे शुक्रवारही इथूनच निघतात. राखेच्या बुधवारनंतरचा पहिला शुक्रवार १२ फेब्रुवारी, मग १९, २६, ५ मार्च, १२ आणि १९ मार्च. हे सहा झाले, आणि सातवा शुक्रवार २६ मार्च म्हणजे गुड फ्रायडे. वर्ष कुठलंही असो, गुड फ्रायडेच्या आधी सहाच शुक्रवार मिळतात. पाच किंवा सात मिळाले तर बुधवार एका आठवड्याने चुकलाय हे नक्की. गटागटांना शुक्रवार वाटून देण्याआधी ही मोजणी एकदा करून घ्यावी.

पवित्र आठवडा

इथे मोजणी सोपी आहे, फक्त आठवड्याची सुरुवात कुठून धरायची एवढंच लक्षात ठेवायचं. पवित्र आठवडा झावळ्यांच्या रविवारी सुरू होतो. २०२७ मध्ये तो २१ मार्च. सोमवार, मंगळवार, बुधवार हे २२, २३, २४. पवित्र गुरुवार २५ मार्चला, त्या संध्याकाळी प्रभुभोजनाची मिस्सा आणि पाय धुण्याचा विधी. गुड फ्रायडे २६ मार्चला, आणि अनेक मराठी चर्चांमध्ये त्या दुपारी तीन तास चालणारी क्रुसावरील सात उद्गारांची उपासना. शनिवारी, २७ तारखेला रात्री ईस्टरचं जागरण, आणि २८ ला पहाट.

शनिवारच्या रात्रीचा विधी ईस्टरचाच असतो, पण तारीख शनिवारची असते. पाहुण्यांना किंवा रिक्षावाल्याला सांगताना ‘ईस्टरच्या रात्री’ म्हटलं तर ते रविवारी रात्री हजर होतात. म्हणून वार आणि तारीख दोन्ही सांगावी.

नाशिकमध्ये या आठवड्याला आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे रंगपंचमी. ईस्टर मार्चच्या अखेरीस आला की तो बहुधा होळीच्या पौर्णिमेमागून येतो, आणि मग जुन्या नाशकातल्या रहाडी आणि रंगपंचमीची गर्दी थेट पवित्र आठवड्याच्या शेवटाला येऊन भिडते. २०२४ मध्ये रंगपंचमी ३० मार्चला होती, आणि तोच ईस्टरआधीचा पवित्र शनिवार होता. २०२७ मध्येही फाल्गुन पौर्णिमा २१-२२ मार्चला आहे, म्हणजे रंगपंचमी त्याच आठवड्याच्या अखेरीस येणार. गावठाणातून शरणपूरला किंवा त्र्यंबक नाक्याकडे येणाऱ्यांनी त्या दिवशी रस्ते कुठे बंद आहेत ते आधी विचारून घ्यावं.

एक दिवसाची चूक कुठून येते

आपल्याकडे दिवस मोजताना सुरुवातीचा दिवस धरायची सवय आहे. दहावा, तेरावा आपण असेच मोजतो, गेल्याचा दिवस तो पहिला. शास्त्रवचनातलं ‘तिसऱ्या दिवशी’ हेही याच रीतीचं आहे: शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन. ही मोजणी तिच्या जागी बरोबर आहे. पण ‘ईस्टरच्या ४६ दिवस आधी’ म्हणताना ईस्टरचा दिवस शून्य धरलेला असतो. तोच एक धरून ४६ पर्यंत आलात तर बोट गुरुवारवर थांबेल.

यातच चूक ओळखण्याची खूण आहे. ४६ म्हणजे सहा पूर्ण आठवडे आणि चार दिवस, त्यामुळे रविवारपासून मागे आल्यावर बुधवारशिवाय दुसरा वार येऊच शकत नाही. गुरुवार आला तर ईस्टर मोजला गेलाय. मंगळवार आला तर बहुधा लीप वर्षातला २९ फेब्रुवारी विसरलाय. आलेल्या तारखेचा वार आधी बघा, आकडा नंतर.

लीप वर्षाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण प्रत्येक लीप वर्षात ही चूक होत नाही. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता. ३१ दिवस मागे आलं की २९ फेब्रुवारी, आणि आणखी १५ मागे गेलं की १४ फेब्रुवारी, बुधवार. फेब्रुवारी २८ दिवसांचा धरणाऱ्याला १३ तारीख मिळते, आणि ती मंगळवारची निघते. आता २०२८ घ्या. तेही लीप वर्ष, पण ईस्टर १६ एप्रिलला आहे. सहा रविवार मागे: ९ एप्रिल, २ एप्रिल, २६ मार्च, १९ मार्च, १२ मार्च, ५ मार्च. त्याआधीचा बुधवार १ मार्च. मोजणी मार्चमध्येच संपली, २९ फेब्रुवारीपर्यंत पोचलीच नाही, म्हणून लीपचा काही संबंध आला नाही. ईस्टर १६ एप्रिल किंवा त्यानंतर असेल तर लीप वर्षाची काळजी सोडून द्यावी.

हाताशी कॅलेंडर नसेल तर तोंडी हिशेबही होतो. ईस्टर १६ एप्रिल किंवा नंतर असेल तर तारखेतून १५ वजा करा, उत्तर मार्चमधलं येतं. २०३० मध्ये ईस्टर २१ एप्रिलला आहे, तेव्हा राखेचा बुधवार ६ मार्चला. ईस्टर १ ते १५ एप्रिलच्या दरम्यान असेल तर तारखेत १३ मिळवा, उत्तर फेब्रुवारीतलं येतं. २०२९ मध्ये ईस्टर १ एप्रिलला आहे, तेव्हा राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला. ईस्टर मार्चमध्येच असेल तर १८ वजा करा: २०२७ चे २८ वजा १८, म्हणजे १० फेब्रुवारी. उत्तर फेब्रुवारीत येत असेल आणि वर्ष लीप असेल तर त्यात एक दिवस वाढवा.

चाळीस कुठे गेले?

उपवास चाळीस दिवसांचा, मग मोजायचे ४६ का, हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलं दर वर्षी विचारतात, आणि प्रश्न योग्य आहे. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून तो उपवासात धरत नाहीत. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, दोन्ही टोकं धरून, ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार काढले की ४० उरतात. २०२७ वर पडताळून बघा: १० ते २८ फेब्रुवारी हे १९ दिवस, १ ते २७ मार्च हे २७, एकूण ४६, वजा ६.

कॅथलिक उपासनाविधीप्रमाणे प्रायश्चित्तकाळ पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेआधी संपतो आणि तिथून पास्काचे तीन दिवस सुरू होतात. त्यामुळे एखाद्या फादरांनी ‘गुरुवारी प्रायश्चित्तकाळ संपतो’ असं सांगितलं, तर तुमचं गणित चुकलं असं समजू नका. गुड फ्रायडेचा उपवास आणि मांसाहारवर्ज्य त्यानंतरही आहेच. ज्यांनी घरी चाळीस दिवसांचा नेम धरलाय त्यांनी तो शनिवारपर्यंत न्यावा, म्हणजे चाळीस पुरे भरतात.

मुळात ईस्टर बरोबर आहे ना?

सगळी मोजणी ज्या खुंटीला टांगली आहे ती खुंटीच हलली तर पुढचं सगळं वाया. म्हणून ईस्टरची तारीख दोन ठिकाणी बघावी. कॅलेंडरात गुड फ्रायडे सुट्टी म्हणून दिलेला असतो, त्यात दोन दिवस मिळवून ईस्टर येतोय का ते पाहा. गुड फ्रायडेवरून थेट मागे जायचं असेल तर राखेचा बुधवार त्याच्या ४४ दिवस आधी येतो.

काही जण मात्र पंचांगावरून ईस्टर काढायला जातात. नियम त्यांनी ऐकलेला असतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. मग ते हनुमान जयंती बघतात आणि पुढचा रविवार ईस्टर म्हणून सांगून मोकळे होतात. बऱ्याच वर्षी हे जुळतं. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला, गुरुवारी, आणि ईस्टर ५ एप्रिलला, अगदी नियमाप्रमाणे. म्हणून विश्वास बसतो, आणि मग एखादं वर्ष दगा देतं.

२०२५ हे तसं वर्ष होतं. हनुमान जयंती १२ एप्रिलला, शनिवारी होती. पंचांगाच्या हिशेबाने पुढचा रविवार १३ एप्रिल, म्हणजे ईस्टर तेव्हा यायला हवा होता. प्रत्यक्षात १३ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता आणि ईस्टर २० एप्रिलला झाला. कारण असं की चर्च आकाशातली पौर्णिमा बघत नाही. तिचं स्वतःचं १९ वर्षांच्या चक्राचं कोष्टक आहे, आणि त्यात २०२५ ची पौर्णिमा १३ एप्रिलला धरलेली होती. तो रविवार होता. पौर्णिमा रविवारीच आली तर ईस्टर त्या दिवशी होत नाही, तो पुढच्या रविवारी जातो. पंचांग आणि कोष्टक यांच्यातल्या एका दिवसाने सगळा उपवासकाळ आठवडाभर सरकला.

२०१९ मध्ये तर महिन्याभराचा फरक पडला. त्या वर्षी २०-२१ मार्चला होळीची पौर्णिमा होती. ती धरली असती तर ईस्टर २४ मार्चला आला असता. पण चर्चच्या कोष्टकात ती पौर्णिमा २० मार्चला पडत होती, म्हणजे २१ मार्चच्या सीमेच्या एक दिवस आधी, म्हणून ती बाद झाली. पुढची पौर्णिमा १८ एप्रिलची धरली गेली आणि ईस्टर २१ एप्रिलला आला. त्या वर्षी हनुमान जयंती आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी होते, १९ एप्रिलला.

यावरून माझं मत पक्कं आहे: पंचांग ताळ्यासाठी वापरावं, तारीख काढण्यासाठी नाही. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, किंवा फार तर त्याच्या एखाद-दोन दिवस मागे, कुठली तरी पौर्णिमा असायला हवी, फाल्गुनाची किंवा चैत्राची. ती नसेल तर तुम्ही चुकीच्या वर्षाचं पान बघताय. आणि ईस्टर २२ मार्चच्या आधी किंवा २५ एप्रिलनंतर कधीच येत नाही. त्यामुळे राखेचा बुधवारही ४ फेब्रुवारी ते १० मार्च या मर्यादेबाहेर जाऊ शकत नाही.

मोबाइलवर शोधताना आणखी एक सापळा आहे. ग्रीक, रशियन वगैरे ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन गणनेने ईस्टर काढतात, आणि शोधात कधी कधी तीच तारीख वर येते. २०२६ मध्ये त्यांचा ईस्टर १२ एप्रिलचा, आपल्या एक आठवडा नंतरचा. २०२५ मध्ये मात्र दोन्ही २० एप्रिललाच होते, त्यामुळे त्या वर्षी ज्यांनी चुकीची यादी वापरली त्यांना पत्ताच लागला नाही. नाशिकरोड-देवळालीकडे मल्याळी शेजारी असतील तर त्यांचा उपवास तुमच्या आधी सुरू झालेला दिसेल. सीरो-मलबार मंडळी राखेच्या बुधवारच्या दोन दिवस आधी, सोमवारी सुरुवात करतात. त्यांचा ईस्टर आपल्याच दिवशी असतो, फक्त मागचं अंतर ४६ ऐवजी ४८ धरायचं.

वर्षभराचा तक्ता संगणकावर करणाऱ्यांसाठी

चर्च कमिटीत कोणी ना कोणी एक्सेलमध्ये पुढच्या काही वर्षांचा तक्ता करत असतं. A2 मध्ये ईस्टरची तारीख टाका आणि पुढच्या रकान्यांत हे द्या:

```
=A2-46
=A2-7
=A2-3
=A2-2
=TEXT(A2,"dddd")
```

पहिली चार सूत्रं अनुक्रमे राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार आणि गुड फ्रायडे देतात. लीप वर्ष एक्सेल स्वतः सांभाळतं. शेवटचं सूत्र ईस्टरचा वार दाखवतं आणि ते वगळू नका. संगणकात तारखेची अमेरिकन पद्धत असेल तर 01/04/2029 हे १ एप्रिलऐवजी ४ जानेवारी वाचलं जातं, आणि राखेचा बुधवार आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये निघतो. ४ जानेवारी २०२९ ला गुरुवार आहे, त्यामुळे वाराच्या रकान्यात Sunday दिसलं नाही की चूक तिथेच पकडता येते. 28/03/2027 टाकल्यावर #VALUE! आलं तर कारण तेच: अठ्ठाविसावा महिना नसतो, म्हणून संगणकाने ती तारीख मानलीच नाही. तारीख 2027-03-28 अशी, वर्ष आधी, टाकली की ही अडचण सहसा येत नाही.

तक्ता झाला की शेजारी एक रकाना स्थानिक नोंदींसाठी मोकळा ठेवा. २०२८ च्या ओळीत तिथे आत्ताच एक नोंद करून ठेवण्यासारखी आहे: त्या वर्षी गुड फ्रायडे १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी येतो. कॅलेंडरात त्या चौकटीत दोन सुट्ट्या असतील आणि एक दुसरीखाली दडलेली असेल, तेव्हा नीट शोधा. शहरात त्या दिवशी जयंतीच्या मिरवणुका असतील. दुपारी तीन तासांच्या उपासनेला येणाऱ्या वयस्कर मंडळींना कोणत्या रस्त्याने आणायचं आणि क्रुसाची वाट आवाराबाहेर काढायची असेल तर परवानगी कधी मागायची, हे चर्च कमिटीने त्या वर्षीच्या १ मार्चच्या, म्हणजे राखेच्या बुधवारच्या आधीच बसून ठरवावं.